शब्दांचे चित्रपुस्तक की एका वाक्याची गोष्ट?

परदेशात वाढणाऱ्या, घरातले पन्नासेक मराठी शब्दच कळणाऱ्या मुलीसाठी आधी चित्राखाली नाव असलेले पुस्तक घ्यावे की पानाला एकच वाक्य असलेली गोष्ट, असा पेच एका मैत्रिणीला पडला आहे.

शब्दांच्या संख्येत चित्रनामांचे पुस्तक सरस ठरते, पण त्यातला प्रत्येक शब्द सुटा असतो. ‘डबा’ ओळखणारी मुलगी ‘डब्यात’ ऐकून गोंधळते, कारण प्रत्यय लागताना मराठी नामाचे रूप बदलते आणि ही सामान्यरूपे नावांच्या यादीत भेटत नाहीत. ‘मांजर डब्यात नाही’, ‘मांजर झाडावर नाही’ असे तेच वाक्य पानोपानी थोडे बदलत गेले, की ती आपसूक कानावर पडतात.

मेहनत मात्र गोष्टीला अधिक लागते. तीच गोष्ट आठवडाभर मोठ्याने वाचावी लागते (कंटाळा आपल्याला येतो, मुलांना नाही). एका पानावरचे दोनाहून अधिक अनोळखी शब्द चित्रावरून उलगडत नसतील, तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवावे. चित्रनामांचे पुस्तक नावे पाठ होताच संपते.

साध्या सूचनाही कळत नसतील, तर एक चित्रनामांचे पुस्तक आणि दोन गोष्टी घ्याव्यात. ‘इकडे ये’, ‘दार लाव’ एवढे कळत असेल, तर सगळ्या गोष्टीच घ्याव्यात.