चाळीस टक्के मोठं की पाच टक्के? बडोद्याच्या सोसायटीपुढचे दोन प्रस्ताव

मंडळी, आपली इमारत पाडून नवी बांधायला दोन बिल्डर आलेत, आणि दोघांचेही कागद गुजरातीत आहेत, तेही वकिली. म्हणून दांडिया बाजारातल्या आपल्या 24 घरांसाठी साध्या मराठीत वाचून दाखवतो. मध्येच शंका आली तर थांबवा.

पहिला म्हणतो, घर चाळीस टक्के मोठं देतो. दुसरा फक्त पाच टक्के. साहजिकच सगळ्यांच्या माना पहिल्याकडे वळल्या. पण आपले आजचे 600 फूट कार्पेट आहेत आणि त्याचे 840 सुपर बिल्टअप. जिना, लिफ्ट, पॅसेज यांतला वाटा त्याने तुमच्या घरात मोजलाय. त्याच्याच नकाशावर खोल्या मोजल्या तर कार्पेट भरतं 504. म्हणजे घर लहान होतंय! दुसऱ्याचे 630 मात्र कार्पेटच आहेत. करारात ‘रेरा कार्पेट’ हे शब्द आणि प्रत्येक फ्लॅटचा आकडा नसेल, तर सही करू नका.

काकूंचा प्रश्न रास्त आहे, “पाडून ठेवलं आणि बिल्डर पळाला तर?” पहिला महिन्याला 14,000 भाडं देतोय, पण नुसत्या चेकवर. खात्यात पैसे नसतील तर चेक परत येतो आणि घरमालक आपल्या दारात उभा राहतो. दुसरा 11,000 च देतो, पण सोबत बँक गॅरंटी आहे. बिल्डरने हात वर केले की सोसायटीने लेखी मागणी करायची आणि बँकेने पैसे द्यायचे. मात्र त्यातही खोट आहे. गॅरंटीची मुदत 24 महिने आणि बांधकामाची 30. शेवटचे सहा महिने आपण उघड्यावर. ताबा मिळेपर्यंत गॅरंटी चालू राहील, असं लिहून घ्यायचंच. शिवाय ती बिनशर्त हवी, नाहीतर बँक आधी वाद मिटवून या म्हणेल.

“मी सही केली नाही तर?” आजोबा, गुजरातच्या फ्लॅटमालकी कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनुसार इमारत 25 वर्षांची झाली असेल तर 75 टक्के फ्लॅटमालकांची संमती पुरते. आपल्याकडे म्हणजे 18 सह्या. उरलेल्या सहांना कायम अडवून धरता येणार नाही, पण बांधकाम चालू असताना पर्यायी घर किंवा भाडं हा त्यांचाही हक्कच. आणि महापालिकेची रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकाम परवानगी, हातात आल्याशिवाय कुणीही चावी द्यायची नाही. दुसऱ्याच्या मसुद्यात हे आहे. पहिला सह्या होताच तीस दिवसांत घर रिकामं मागतो.

मेंटेनन्स दोन्हीकडे वाढणार. लिफ्ट आली की तिचं बिलही आलं.

माझं मत दुसऱ्याला, पण आज नाही. गॅरंटीची तारीख सुधारून आली की पुढच्या सभेत मसुदा पुन्हा असाच मोठ्याने वाचू आणि मग सह्या घेऊ.