दुसरं फायबर: आपल्या घरापुरतं मागावं की अख्ख्या इमारतीसाठी?

सोसायटीत एका कंपनीचं फायबर आधीच आहे, आणि तुम्हाला दुसऱ्या कंपनीचं हवं आहे. कमिटीकडे दोन प्रकारे मागता येतं. ‘माझ्या फ्लॅटपर्यंत एक केबल येऊ द्या’ हा एक प्रकार. ‘या कंपनीला इमारतीत वायरिंग करू द्या, ज्याला हवं तो कनेक्शन घेईल’ हा दुसरा. अर्ज दोन्हींत पानभराचाच, पण कमिटीपुढचा प्रश्न वेगळा होतो.

उदाहरणाला सात मजल्यांची, दर मजल्यावर चार घरं असलेली, म्हणजे 28 फ्लॅटची इमारत घेऊ. तुम्ही पाचव्या मजल्यावर राहता.

फक्त आपल्यापुरतं मागितलं तर बहुतेक वेळा काय होतं? कंपनीची माणसं शेजारच्या इमारतीच्या किंवा खांबाच्या डब्यातून एक ड्रॉप केबल हवेतून तुमच्या टेरेसवर आणतात, कठड्याला बांधतात आणि बाहेरच्या भिंतीवरून दोन मजले खाली सोडून खिडकीतून आत घेतात. अर्ध्या दिवसाचं काम. सेक्रेटरींनी सही दिली की त्याच आठवड्यात नेट सुरू, हा याचा मोठा फायदा. भाड्याने राहणाऱ्याला तर हाच मार्ग बरा, अर्थात अर्ज घरमालकाच्या नावाने.

तोटे पावसाळ्यात कळतात. कठड्यात ड्रिल मारून खिळा ठोकला आणि तिथलं वॉटरप्रूफिंग तडकलं, तर सातव्या मजल्याच्या छताला ओल येते आणि सगळं खापर तुमच्या केबलवर फुटतं. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं, आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोल हवा म्हणजे पाणी तिथून टपकून जातं, आणि भोक सिलिकॉनने बुजवायला हवं. घाईत आलेली माणसं यातलं एक तरी विसरतातच. खिडकीच्या चौकटीत केबल काटकोनात दाबली जाते ते आणखी वेगळं. फायबरला लांबीचं फार वाटत नाही, वाकण्याचं वाटतं. घरात वापरायची वाकसहिष्णू केबलसुद्धा साधारण एक सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळवू नये. सरकती खिडकी बंद केली की ओएनटीवरचा, म्हणजे घरात फायबर जोडलेल्या डब्यावरचा, सिग्नल तुटल्याचा LOS दिवा लाल होत असेल, तर दोष कंपनीच्या सर्व्हरचा नाही, त्या चौकटीचा आहे.

कमिटीची खरी भीती मात्र पुढच्या माणसाची असते. आज तुम्हाला दिलं, उद्या तिसऱ्या मजल्यावरचे काका मागणार, परवा आणखी कोणी, आणि दर्शनी भिंतीवर वायरींचं जाळं. ही भीती खोटी नाही, आणि घरापुरत्या अर्जात तिला उत्तरही नाही.

इमारतीसाठी मागितलं तर कंपनी रस्त्यावरून एकच जाड केबल कंपाउंडमधून आत आणते, तळमजल्यावर किंवा टेरेसखाली भिंतीवर स्प्लिटरचा छोटा डबा लावते आणि तिथून डक्टमधून मजल्यामजल्यावर बारीक केबल नेते. स्प्लिटरला वीज लागत नाही. तो प्रकाश वाटून देतो, एवढंच. 28 घरांतली सुरुवातीला आठ घरं घेणार असतील तर आठ तोंडांचा एक स्प्लिटर पुरतो, मागणी वाढली की दुसरा. ओएनटीपाशी पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतात, मीटर लावला तर उणे 15 ते उणे 25 च्या दरम्यान आकडा यावा. उणे 27 च्या पलीकडे गेला की नेट येत-जात राहतं. जोडणीच्या दिवशी हा आकडा विचारून लिहून ठेवा, पुढच्या तक्रारीत कामाला येतो.

यात वेळ जातो. कमिटीच्या बैठकीत विषय घ्यावा लागतो, ठराव होतो, कंपनीचा माणूस डक्ट बघायला येतो. कंपनीलाही किमान काही ग्राहक दिसल्याशिवाय उत्साह नसतो, म्हणून अर्जाला सात-आठ फ्लॅटधारकांच्या सह्या जोडणं दोन्हीकडे उपयोगी पडतं. पण एकदा डबा लागला की पुढच्या प्रत्येक कनेक्शनला बाहेरची भिंत शिवावी लागत नाही. कमिटीच्या भीतीला खरं उत्तर हेच आहे.

एक गोष्ट मात्र कंपनीच्या माणसाला आधीच स्पष्ट विचारा: घरात फायबर येणार की लॅन केबल? काही स्थानिक कंपन्या इमारतीपर्यंतच फायबर आणतात, जिन्यात किंवा टेरेसवर स्विच बसवतात आणि तिथून तांब्याची लॅन केबल घराघरांत देतात. त्या स्विचला सोसायटीच्या कॉमन मीटरची वीज लागते, इमारतीची वीज गेली की तुमचा इन्व्हर्टर चालू असूनही नेट बंद, आणि जवळपास वीज कोसळली तर टेरेसवरून आलेल्या तांब्यातून राउटर जळू शकतो. अर्जात नुसतं ‘फायबर’ लिहून परवानगी घेतली आणि आला स्विच, तर कमिटीचा पुढचा विश्वास गेला.

दुसरं कनेक्शन पर्याय म्हणून घेताय तर मार्गही विचारा. दोन्ही कंपन्यांच्या केबल एकाच खांबावरून, गल्लीच्या एकाच बाजूने येत असतील, तर रस्ता खोदणारा जेसीबी दोन्ही एकदम तोडेल. बिलं दोन, खात्री एकाचीच.

पैशांच्या बाबतीत कमिटीचा मोह ओळखून ठेवा. ‘कंपनीकडून महिन्याला काहीतरी घ्या’ असं कोणीतरी बोलतंच. बाहेरच्या कंपनीकडून आलेलं भाडं सभासदांच्या वर्गणीसारखं परस्परतेच्या तत्त्वाने करमुक्त ठरत नाही, हिशेबात ते वेगळं दाखवावं लागतं. शिवाय भाडं घेणारी कमिटी पुढे ‘फक्त आम्हीच’ अशा अटीला सहज मान डोलावते, आणि मग तिसऱ्या कंपनीचं दार बंद. जुन्या कंपनीशी असा काही करार आहे का, तेही अर्ज देण्याआधी सेक्रेटरींना विचारावं. माझ्या मते भाडं नको, अनामत रक्कम घ्यावी आणि काम नीट झाल्यावर परत करावी.

माझा कौल इमारतीच्या अर्जाला. डक्टच नसलेली जुनी इमारत असेल किंवा सह्या दोनच मिळत असतील, तरच घरापुरतं मागावं. इमारतीच्या अर्जाचा मजकूर साधारण असा:

“मा. सेक्रेटरी, आमच्या इमारतीत अमुक कंपनीला फायबर वायरिंगची परवानगी मिळावी, ही विनंती. खाली सह्या केलेले सभासद कनेक्शन घेण्यास इच्छुक आहेत. केबल फक्त टेलिफोनच्या डक्टमधून जाईल, विजेच्या किंवा लिफ्टच्या डक्टमधून नाही. आतली केबल आग पसरू न देणाऱ्या आवरणाची असेल. टेरेसच्या फरशीत व कठड्यात ड्रिल होणार नाही. सोसायटीची वीज वापरली जाणार नाही. मजल्यांमधली भोकं काम संपताच बुजवली जातील. नुकसान झाल्यास कंपनी भरून देईल आणि सेवा बंद केल्यास 30 दिवसांत आपलं सामान काढून नेईल. ही परवानगी एकाच कंपनीपुरती मर्यादित नसावी. सोबत केबलच्या मार्गाचा नकाशा व कंपनीचं हमीपत्र.”

आवरणाची अट शोभेची नाही. बाहेर वापरायच्या काळ्या पॉलिथिनच्या केबल जळतात आणि डक्ट म्हणजे आगीला वर जायचा सरळ रस्ता.

अर्जाची पोच घ्या आणि निर्णय बैठकीच्या इतिवृत्तात आला की त्याची प्रत मागा. तोंडी होकारावर काम सुरू केलं आणि मध्येच कमिटी बदलली, तर सगळं पहिल्यापासून. नकार आला तर कारण लेखी मागा. ‘वायरी नकोत’ हे कारण असेल तर डक्टचा नकाशा घेऊन पुन्हा अर्ज करता येतो. ‘आधीची कंपनी नको म्हणते’ हे असेल, तर तो विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला सांगा. 2023 चा दूरसंचार कायदा खासगी जागेत केबल टाकण्यासाठी मालकाशी कराराचा मार्ग दाखवतो. तो करार कोणाशी करायचा, हे इथे सोसायटीच ठरवणार, जुनी कंपनी नाही.