प्रोप्रायटरीचे प्रायव्हेट लिमिटेड करताना: धंदा एकदम द्यावा, की हळूहळू हलवावा?

प्रोप्रायटरी फर्मचे नाव बदलून तीच फर्म कंपनी होत नाही, हे या निर्णयापर्यंत आलेल्या बहुतेकांना ठाऊक असते. आधी नवी कंपनी स्थापन करावी लागते आणि मग जुन्या फर्मचा धंदा तिच्याकडे न्यावा लागतो. प्रश्न उरतो तो कसा न्यायचा याचा. पहिला मार्ग असा, की एक तारीख ठरवून करारनाम्याने संपूर्ण चालता धंदा कंपनीला द्यायचा आणि मोबदल्यात फक्त शेअर घ्यायचे. दुसऱ्या मार्गात दोन्ही आस्थापना काही काळ शेजारीशेजारी चालवायच्या, यंत्रे आणि माल बिलाने कंपनीला विकायचे आणि फर्म सावकाश बंद करायची. वाळूजमधील आमच्या यंत्रकामाच्या कारखान्यासाठी मी पहिला मार्ग निवडला, तर आमच्याच रांगेतील एका परिचित उद्योजकाने दुसरा निवडला. त्यामुळे दोन्हींचा त्रास जवळून पाहता आला.

दुसरा मार्ग प्रथमदर्शनी सोपा वाटतो आणि काही बाबतींत तो खरोखरच सोपा आहे. मूल्यांकनाचा अहवाल आणि दीर्घ करारनामा टळतो, शिवाय कंपनीकडून यंत्रांचे पैसे रोखीने किंवा उसनवारीच्या रूपात घेता येतात. पहिल्या मार्गात ही मुभा नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४७ च्या चौदाव्या खंडानुसार हस्तांतरणावर भांडवली नफ्याचा कर लागू नये, यासाठी धंद्याची सर्व मालमत्ता आणि सर्व देणी कंपनीकडे जावी लागतात, मालकाकडे किमान ५० टक्के मताधिकार पाच वर्षे राहावा लागतो आणि मालकाला शेअरखेरीज कोणताही मोबदला मिळता कामा नये. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक सीएकडून जुळवून घ्यावेत.) अट मोडली, तर माफ झालेला नफा त्या वर्षी कंपनीच्या हाती करपात्र ठरतो. फर्ममधील भांडवलापैकी काही रक्कम कंपनीत कर्ज म्हणून ठेवून पुढे सावकाश काढून घेण्याचा विचार अनेकांच्या मनात असतो. त्यांनी ही अट दोनदा वाचावी.

असे असूनही माझे मत पहिल्या मार्गाकडे झुकले, ते प्रामुख्याने जीएसटीच्या क्रेडिटमुळे, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वळता करण्याच्या सोयीमुळे. जीएसटी क्रमांकातच पॅन गुंफलेला असल्याने कंपनीला नवा क्रमांक घ्यावाच लागतो. आता एक उदाहरण पाहू. समजा, फर्मकडे ४० लाखांची यंत्रे आहेत आणि क्रेडिट खात्यात ५ लाख शिल्लक आहेत. यंत्रे बिलाने विकली, तर १८ टक्क्यांनी ७.२० लाख कर होतो. त्यातील ५ लाख क्रेडिटमधून वळते झाले, तरी २.२० लाख रोख भरावे लागतात. कंपनीला ७.२० लाखांचे क्रेडिट मिळते, म्हणजे पैसे बुडत नाहीत. परंतु ज्या महिन्यांत कंपनीची विक्री नुकतीच सुरू होत असते, नेमक्या त्याच महिन्यांत ते अडकून राहतात. संपूर्ण चालता धंदा दिल्यास त्या हस्तांतरणावर जीएसटी लागत नाही आणि शिल्लक क्रेडिट ITC-02 या अर्जाद्वारे जसेच्या तसे कंपनीकडे नेता येते.

खरी डोकेदुखी मात्र यापुढची आहे. ग्राहक कंपनीकडे नवा व्हेंडर कोड मिळण्यास वेळ लागतो, कारण पॅन, जीएसटी, बँक आणि उद्यम नोंदणी अशी सगळी कागदपत्रे नव्याने तपासली जातात आणि काही ठिकाणी कारखान्याची तपासणीही पुन्हा होते. तोपर्यंत जुन्या कोडवर माल जात राहतो, पुरवठादारही सवयीने जुन्याच क्रमांकावर पोलादाची बिले काढतात आणि त्यांतील काही जण विवरणपत्र उशिरा भरतात. माझ्या परिचितांच्या बाबतीत यंत्रे विकून झाली, जुन्या फर्मची विक्री थांबली आणि त्यानंतरही जुन्या क्रमांकावर क्रेडिट येत राहिले. ते वापरायला विक्रीच उरली नव्हती. देशांतर्गत विक्री करणाऱ्याला असे साठलेले क्रेडिट सहसा परत मिळत नाही. निर्यात आणि कच्च्या मालावरील कराचा दर विक्रीवरील कराच्या दरापेक्षा जास्त असणे, हेच परताव्याचे मुख्य अपवाद आहेत. दोन क्रमांकांत धंदा विभागण्याचा हा दोष मला निर्णायक वाटला.

उशिरा येणारी बिले पहिल्या मार्गातही असतात, फक्त तेथे त्यांना वाट मिळते. त्यासाठी क्रम पाळावा लागतो. कंपनीची नोंदणी करताना कारण म्हणून धंद्याचे हस्तांतरण नमूद करावे, जुन्या क्रमांकावरील रेंगाळलेली बिले येईपर्यंत तो चालू ठेवून त्याची सर्व विवरणपत्रे भरावीत, नंतर सीएच्या प्रमाणपत्रासह ITC-02 दाखल करून कंपनीच्या लॉगिनमधून तो स्वीकारावा आणि त्यानंतरच REG-16 भरून जुना क्रमांक रद्द करावा. क्रम उलटा झाला, तर क्रेडिट नेण्याचे दार बंद होते. रोख खात्यातील शिल्लक या अर्जाने जात नाही, ती परतावा म्हणून मागावी लागते.

बँकेच्या बाबतीतही माझा कल तोच आहे, मात्र तेथे दोन्ही मार्ग कष्टाचेच आहेत. कॅश क्रेडिट खाते नुसते नावावर करून मिळत नाही. बँक कंपनीला नवा कर्जदार समजून पुन्हा मंजुरी देते, मालकाची वैयक्तिक हमी घेते आणि कंपनीला तारणाची नोंद CHG-1 द्वारे करावी लागते. हळूहळू हलवताना जुन्या फर्मचा साठा दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये घटतो, त्याबरोबर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे साठ्याच्या आधारे उचलता येणारी रक्कम, घटते आणि कंपनीला मर्यादा मंजूर झालेली नसते. म्हणून हस्तांतरणाची तारीख बँकेच्या मंजुरीनंतरची ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते. कंपनीच्या चालू खात्यात भागभांडवल जमा करून स्थापनेपासून १८० दिवसांच्या आत INC-20A हे व्यवसाय सुरू केल्याचे घोषणापत्र भरायचे असते, ते या गडबडीत राहून जाऊ देऊ नये.

परवान्यांत पहिल्या मार्गाची बाजू लंगडी पडते ती एमआयडीसीच्या भूखंडापाशी. भूखंड फर्मच्या ताळेबंदात असेल, तर सर्व मालमत्ता देण्याच्या अटीमुळे तोही द्यावा लागतो आणि त्यासाठी महामंडळाची पूर्वपरवानगी, हस्तांतरण शुल्क व मुद्रांक शुल्क येते. ही रक्कम करारनाम्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावी. ती फार मोठी निघाली, तर माझे मत बाजूला ठेवून दुसऱ्या मार्गाचा विचार करणे योग्य ठरेल. जुन्या फर्मवर कराचे वाद प्रलंबित असतील, तरीही तेच म्हणेन, कारण धंदा एकदम घेतल्यास हस्तांतरणापूर्वीच्या जीएसटी थकबाकीला फर्मसोबत कंपनीही जबाबदार राहते. उद्यम क्रमांक, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, कारखाना परवाना आणि वीजजोडणी ही कामे दोन्हीकडे सारखीच आहेत. कारखाना परवान्यावर मालकाऐवजी संचालकाचे नाव भोगवटादार म्हणून जाते, एवढे लक्षात ठेवावे.

जमत असल्यास हस्तांतरण १ एप्रिलला करावे, म्हणजे घसाऱ्याची दिवसांनुसार विभागणी टळते आणि उद्गम करकपातीचा गोंधळही कमी होतो. कामाच्या कंत्राटावर व्यक्तीकडून १ टक्का कापणारा ग्राहक कंपनीकडून २ टक्के कापतो आणि जुनाच पॅन त्याच्या नोंदीत राहिला, तर कंपनीच्या उत्पन्नावरील कपात मालकाच्या खात्यात दिसू लागते. तसे दिसताच ग्राहकाच्या लेखा विभागाकडून त्याच तिमाहीचे विवरणपत्र दुरुस्त करून घ्यावे. जुने बँक खातेही शेवटच्या जुन्या बिलाचे पैसे येऊन ते कंपनीकडे वर्ग होईपर्यंत बंद करू नये.