फोन गेला: जुनाच नंबर की नवा?

खानापूरच्या मामींचा फोन बेळगावच्या बसस्टँडवर गेला. मुलगा म्हणाला, "नवं सिम घे, अर्ध्या तासात व्हॉट्सअॅप चालू." चालू होतं, हे खरं. पण ते नवं खातं असतं. जुन्या चॅट, सासऱ्यांचे आवाजी निरोप, भजनी मंडळाचा ग्रुप त्यात येत नाही, कारण बॅकअप नंबराशी बांधलेला असतो.

म्हणून मी जुन्याच नंबराच्या बाजूने. आधी जुनं सिम बंद करून घ्यायचं, मग आधार घेऊन दुकानात जाऊन त्याच नंबराचं दुसरं सिम काढायचं. एक अडचण येते: नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. मामी व्हॉट्सअॅपच्या कोडची वाट बघत बसल्या होत्या. तेव्हा फोन करून कोड सांगणारा पर्याय दिसला तर तो निवडायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी बघायचं.

त्याआधी नव्या अँड्रॉइड फोनमध्ये जुनंच गुगल खातं घाला. बॅकअप सापडला की Restore दाबा. घाईत Skip दाबलंत तर पुढचा बॅकअप जुन्यावर चढू शकतो. मामींचा बॅकअप आदल्या रात्रीचा होता, त्यामुळे फक्त त्या दिवसाचे निरोप गेले.

व्हॉट्सअॅपला सहा अंकी पिन लावला असेल आणि तो आठवत नसेल, ईमेलही जोडलेला नसेल, तर सात दिवस थांबावं लागतं. बॅकअपच मुळी घेतला नसेल, तर जुना नंबर घेऊनही चॅट येत नाहीत. तरी ग्रुप तेवढे टिकतात.