तीन बोटं गेली: भरपाई की पेन्शन?

चाकणच्या एखाद्या शेडमध्ये 2024 साली पॉवर प्रेसवर उजव्या हाताची तीन बोटं गेली असं धरू. वय 30, पगार 18,000. घरचे विचारतात, "भरपाई घ्यायची की पेन्शन?" खरं तर यात आपल्याला निवडायला फारसं नसतंच. कारखाना ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत येतो का, एवढं आधी बघायचं.

दहा किंवा जास्त कामगार आणि पगार 21,000 पर्यंत असेल, तर सहसा येतो. मग मालकाकडून 1923 च्या कामगार भरपाई कायद्याची एकरकमी भरपाई मागता येत नाही, पैसे ईएसआय देते. कायद्याच्या तक्त्यात एका हाताच्या तीन बोटांना 30 टक्के अपंगत्व धरलंय. रोजचा सरासरी पगार 600, त्याचे 90 टक्के 540, आणि त्याचे 30 टक्के म्हणजे 162 रुपये रोज. महिन्याला साधारण 4,860, तेही आयुष्यभर, पुन्हा कामावर रुजू झालात तरी. कामगार यालाच "पेन्शन" म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. मालकाने नोंदणीच केली नसेल तरी ईएसआयकडेच जा, ते पैसे देऊन मालकाकडून वसूल करू शकतात.

हाच माणूस सात जणांच्या शेडमध्ये असता, तर 1923 चा कायदा लागला असता. तिथे पगार 15,000 पेक्षा जास्त असला, तरी हिशेबात 15,000 च धरतात. त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले वयाचा गुणांक 207.98, आणि त्याचे 30 टक्के: 5,61,546 रुपये, एकदाच. सात टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला सव्वातीन हजारच सुटतात, पण मुद्दल हाताशी राहतं. हा दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. (21 नोव्हेंबर 2025 पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय. त्याआधीच्या अपघाताला जुनाच कायदा.)

खरी अपंगत्व पेन्शन पीएफच्या 1995 च्या योजनेतून मिळते आणि तिथे प्रश्नच वेगळा असतो. अपघात कुठे झाला हे कोणी विचारत नाही. घरी जिन्यावरून पडलात तरी चालतं. पण जे जे काम करू शकत होतात, त्यातलं काहीच कायमचं जमणार नाही, असं वैद्यकीय मंडळाने म्हणायला हवं. तीन बोटांवर ते सहसा म्हणत नाही. दोन्ही हात गेले असते तर मिळाली असती. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. रक्कम मात्र तुटपुंजी: 15,000 पगार आणि सहा वर्षं नोकरी धरली तर 15,000 गुणिले 6 भागिले 70, म्हणजे जेमतेम 1,286. भरपाई घेतली म्हणून ही पेन्शन जात नाही, दोन्हींचे अर्ज वेगवेगळे करायचे.

ठेकेदार दवाखान्यातच 50,000 आणि स्टॅम्प पेपर घेऊन येतो. "हक्क सोडला" अशी त्यावर सही केली असली तरी कायद्याने तो करार रद्दच ठरतो. त्याहून घातक असतो पहिला केस पेपर. तिथे "घरी पडला" लिहिलं गेलं, तर पीएफची पेन्शन अडत नाही, पण ईएसआयचे पैसे किंवा भरपाई अडते. म्हणून "कामावर, प्रेस मशीनमध्ये" हे शब्द त्याच दिवशी लिहून घ्या.