वरच्या फ्लॅटचा पाईप फुटला, खाली आमचं कपाट गेलं: भारत गृह रक्षा पॉलिसीचा वापरानंतरचा अनुभव

होम लोनच्या वेळी घेतलेली घराच्या विम्याची ही पॉलिसी बरीच वर्षं कपाटात पडून होती आणि शेवटी त्याच कपाटासाठी कामाला आली. भारत गृह रक्षा म्हणजे काय हे इथे बहुतेकांना माहीत असेलच, १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना एकच ठरलेला मसुदा विकावा लागतो, त्यामुळे कंपनीचं नाव सांगत नाही, तसा फारसा फरकही पडत नाही. फरक पडतो तो क्लेमच्या वेळी समोर कोण येतं आणि तुमच्या हातात काय आहे त्याने.

आमचा फ्लॅट डोंबिवलीत, दुसरा मजला. वरच्या फ्लॅटचे मालक पुण्याला राहतात, फ्लॅट भाड्याने दिलाय. भाडेकरू गावी गेले होते आणि रात्री त्यांच्या गीझरला जोडणारा कनेक्शन पाईप, तो स्टीलची जाळी असलेला लवचिक असतो ना, तो फुटला. टाकीचं पाणी रात्रभर चालू. सकाळी आमच्या बेडरूमच्या पीओपीतून धार लागलेली, वॉर्डरोबच्या वरच्या कप्प्यात पाणी साठलेलं, गादी पूर्ण भिजलेली आणि पंख्याचा स्विच लावायची सोय नाही. वॉचमनने गच्चीवरून त्या लाईनचा व्हॉल्व बंद केला तेव्हा थांबलं.

आता मुख्य गोष्ट, आणि ती मी सगळ्यात जास्त लांबवून सांगणार आहे कारण सगळा क्लेम त्यावर उभा राहिला: तो फुटलेला पाईपचा तुकडा. प्लंबरने नवीन पाईप लावला आणि जुना बादलीत टाकून निघाला होता. मी तो मागून घेतला, प्लंबरच्या हातात असतानाचा फोटो काढला, मागे गीझर दिसेल असा, आणि त्याच्याकडून साध्या बिलावर लिहून घेतलं की गीझरचा इनलेट पाईप फुटल्यामुळे बदलला, फ्लॅट नंबर आणि तारखेसकट. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये व्हॉल्व बंद केल्याची नोंद होती, तिचाही फोटो. दोनशे-अडीचशे रुपयांचा पाईप, पण तो कचऱ्यात गेला असता तर मला एक लाखाच्या वर फटका होता.

कारण असं की या पॉलिसीत पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाईप फुटणं किंवा ओसंडून वाहणं हे कव्हर आहे. महिनोनमहिने झिरपून भिंत ओली होणं त्यात बसत नाही. म्हणजे पाणी तेच, भिंत तीच, शेजारी तोच, पण अचानक फुटलं तर पैसे आणि हळूहळू पाझरलं तर नकार. आणि माझ्या नशिबाने आमच्याकडे दोन्ही होतं! बेडरूमची जी भिंत वरच्या बाथरूमखाली येते तिथे आधीपासून ओल होती, पापुद्रे सुटलेले, पांढरी खार आलेली.

नुकसान बघायला कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर आला, त्याने ती जुनी खार पाहिली आणि सगळंच त्या खात्यात टाकलं. रिपोर्टमध्ये 'दीर्घकालीन गळती, कव्हरमध्ये नाही' असं एका ओळीत. त्या आठवड्यात मी हा रिव्ह्यू लिहिला असता तर एकच स्टार दिला असता आणि बाकी फक्त राग लिहिला असता.

पुढे काय झालं

राग बाजूला ठेवून मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. दोन नुकसानं वेगळी करून मांडली. बेडरूमचं छत, पीओपी, वायरिंग, वॉर्डरोब, गादी हे पाईप फुटल्याचं, त्याला प्लंबरचं बिल, तुकड्याचा फोटो, रजिस्टर आणि सेक्रेटरीचं पत्र जोडलं. बाथरूमखालची भिंत वेगळी, तिचे फोटो वेगळे. माझं म्हणणं एवढंच होतं की छतावर आधीचा एकही डाग नव्हता, हे बघा दिवाळीचे फोटो, त्यात वॉर्डरोबच्या वरचं छत स्वच्छ दिसतंय. कंपनीने पुन्हा पाहणी लावली, दुसरा माणूस आला, त्याने मीटरने ओलावा मोजला, कपाटाचं फुगलेलं प्लाय उघडून बघितलं आणि म्हणाला, हे ताजं आहे ताई, हळूहळू भिजलेलं प्लाय काळं पडतं आणि बुरशी धरते, हे नुसतं फुगलंय.

इथे माझं मत बदललं. पॉलिसी वाईट नाहीये. पहिला सर्व्हेअर घाईत होता आणि मी सगळं एकत्र दाखवलं की त्याला नकार द्यायला सोपं जातं, हे खरं.

हिशोब असा झाला. मी मागितले होते १ लाख ४२ हजार: छत-पीओपी-रंग ३१ हजार, वॉर्डरोब ७२ हजार, गादी १२ हजार, वायरिंग ५ हजार आणि जुनी ओली भिंत २२ हजार. मिळाले १ लाख ६ हजार. भिंतीचे २२ हजार नाकारले, ते नियमानेच. वॉर्डरोबमधले १४ हजार कापले, कारण लॉफ्टची दोन दारं कोरडी होती, ती बदलायची गरज नव्हती असं त्यांचं म्हणणं. मला पटलं नाही, कारण तो लॅमिनेटचा शेड आता मिळत नाही, नवी दारं आणि जुनी दारं वेगळी दिसतात. पण शेड जुळत नाही यासाठी भांडत बसायचं का, हा विचार करून सोडलं. तुम्हाला मोठी रक्कम कापली गेली असेल तर सोडू नका, कंपनीने महिनाभरात समाधान केलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही, मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार झालेली असली पाहिजे मात्र.

रकमेची मर्यादा कुठून येते तेही सांगते, कारण अनेकांना वाटतं फ्लॅटची किंमत ६० लाख म्हणजे विमा ६० लाखाचा हवा. तसं नाही. इमारतीचा विमा बांधकाम खर्चावर असतो. आमचा कार्पेट ५५० चौरस फूट, दर २,५०० रुपये धरून १३ लाख ७५ हजार. घर आणि सामान दोन्ही घेतलं असेल तर सामानाचं कव्हर त्याच्या २० टक्के आपोआप मिळतं, म्हणजे २ लाख ७५ हजार (कमाल १० लाख). बँकेने चिकटवलेली पॉलिसी असेल तर सामान त्यात आहे का ते आजच बघा, बऱ्याच जणांकडे फक्त इमारत असते आणि मग गादी-कपाटाचं काही मिळत नाही.

मग शेजाऱ्याने काय द्यायचं?

वरचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणतो, माणूस वाईट नाही. पहिल्याच दिवशी फोनवर म्हणाले, काळजी करू नका वहिनी, माझीही पॉलिसी आहे, त्यातून तुमचं करून देतो. त्यांनी कंपनीला विचारलं तर उत्तर आलं की त्यांची पॉलिसी त्यांच्या घराचं नुकसान देते, दुसऱ्याच्या घराचं नाही. भारत गृह रक्षाच्या मूळ मसुद्यात तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानाची जबाबदारी नसतेच, त्यासाठी वेगळं लायबिलिटी कव्हर घ्यावं लागतं आणि ते भाड्याने फ्लॅट देणाऱ्यांनी तरी घ्यायलाच हवं असं माझं स्पष्ट मत झालंय. सोसायटीच्या पॉलिसीतही कोणाचं कपाट बसत नाही, ती इमारतीची असते.

मग काकांनी १० हजार रोख देऊ केले आणि एक कागद पुढे केला की 'आता आमची काही तक्रार राहिली नाही'. हा कागद सही करू नका, कृपा करून. क्लेम दिल्यावर विमा कंपनीला ते पैसे ज्याच्यामुळे नुकसान झालं त्याच्याकडून वसूल करायचा हक्क मिळतो आणि त्यासाठी आपल्याकडून पत्र घेतात. आपण आधीच शेजाऱ्याला मोकळं करून बसलो तर कंपनीचा वसुलीचा रस्ता बंद आणि मग आपला क्लेमही अडतो. मी काकांना सरळ सांगितलं, बेडरूमचा विषय कंपनीकडे आहे, त्यावर मी काही लिहून देणार नाही, भिंतीबद्दल बोलूया. एकाच नुकसानाचे दोनदा पैसे घ्यायचे नाहीत हेही त्यांना स्पष्ट केलं.

भिंतीचं मात्र पूर्ण त्यांच्यावर होतं. सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये बाहेरची कॉमन पाईपलाईन, गच्ची आणि पावसाची गळती सोसायटीच्या खर्चाने, पण फ्लॅटच्या आतली टॉयलेट-सिंकची गळती त्या फ्लॅटधारकाच्या. सेक्रेटरी आधी 'तुमचं तुम्ही बघा' म्हणत होते, मग लेखी अर्ज दिल्यावर कमिटीसोबत वर जाऊन बघितलं. गळती नक्की कुठून हे शोधायची पद्धत सोपी आहे. गीझर, नळ सगळ्यांचा कॉक बंद करूनही ओल वाढत राहिली तर दाबाच्या पाईपवर शंका कमी होते. मग नाहणी कापडाने बंद करून बाथरूममध्ये दोन इंच रंगीत पाणी चोवीस तास साठवून ठेवायचं. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी नाहणीच्या ट्रॅपच्या बरोबर खाली रंग उतरला, त्यानंतर वादच राहिला नाही. फक्त पावसाळ्यात वाढणारी ओल असेल तर ती बाहेरच्या भिंतीची, तिथे शेजाऱ्याशी भांडून उपयोग नाही.

काकांनी ट्रॅप बदलून वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि भिंतीच्या २२ हजारांपैकी १५ हजार दिले. रंग मी भिंत पूर्ण सुकू दिल्यावरच लावून घेतला, रंगारी आधीच घाई करत होता पण ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की ती सुटतेच. काकांना आता विमा कंपनीची वसुलीची नोटीस गेलीय आणि ते माझ्यावर थोडे नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, पाईप भाडेकरूने बघायला हवा होता. ते त्यांनी भाडेकरूशी करारनाम्यावरून ठरवावं, सोसायटीसमोर सदस्य तेच आहेत.

पाच पैकी चार स्टार. एक कापला पहिल्या सर्व्हेअरसाठी. आमच्या गीझरचा कनेक्शन पाईप मी परवाच बदलून घेतला, जाळीला गंज दिसत होता.