मॅप ६५ की ८०? बीपीचा जुना त्रास आणि त्यात शॉक

भातलावणीच्या दिवसांत सिंधुदुर्ग-रत्नागिरीत लेप्टोचे पेशंट येऊ लागतात. त्यातल्या शॉकमध्ये गेलेल्या बहुतेकांसाठी सरासरी धमनीदाब, म्हणजे मॅप, ६५ वर धरायचा यावर वाद नाही. रात्रपाळीच्या डॉक्टरला अडवतो तो बीपीचा जुना पेशंट.

समजा, ६८ वर्षांचा शेतकरी आहे, वजन ६० किलो. दहा वर्षं बीपीची गोळी चालू आहे, तीही अधूनमधून चुकवलेली. ताप, लाल डोळे, हात लावू न देणाऱ्या पोटऱ्या. बीपी ८२/४६. वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक ३६. त्याचा एक तृतीयांश खालच्यात मिळवला की मॅप येतो ५८. अँटिबायोटिक सुरू झालं, सलाईनही गेलं. लेप्टोत फुफ्फुसात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून पाण्याच्या प्रत्येक बाटलीनंतर छाती ऐकायची. तरी मॅप ६०च्या पुढे सरकत नाही. आता नॉरअ‍ॅड्रेनॅलिन.

आधी ८०ची बाजू. दाब थोडाफार खालीवर झाला तरी किडनी आणि मेंदू आपल्या रक्तवाहिन्या सैल-घट्ट करून प्रवाह सांभाळतात. पण एका मर्यादेखाली दाब गेला की हे कसब संपतं आणि दाबाबरोबर प्रवाहही घसरतो. वर्षानुवर्षं बीपी चढं असलेल्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि ही खालची मर्यादा वर सरकते. इतरांना पुरणारे ६५ त्याच्या किडनीला कमी पडू शकतात. २०१४च्या फ्रान्समधल्या ‘सेप्सिसपॅम’ अभ्यासात ७७६ पेशंट होते. ८०-८५ ठेवल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, पण बीपीचा जुना त्रास असलेल्यांत डायलिसिसची गरज कमी लागली.

याची किंमतही त्याच अभ्यासात दिसली: ८०-८५ वाल्यांत एट्रियल फिब्रिलेशन जास्त. चढा आकडा गाठायला औषध जास्त लागतं आणि ते हृदयाला चाळवतं. शिवाय रक्तवाहिन्या आवळून मॉनिटरवर मॅप वाढला म्हणजे अवयवात रक्त वाढलंच असं नाही. ६५च्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. २०२०च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या पेशंटमध्ये मॅप ६०-६५ एवढाच ठेवला, तरी मृत्यू वाढले नाहीत.

मग या शेतकऱ्याचं काय? माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात ६५पासून. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम औषध असेल, तर मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम म्हणजे त्याच्यासाठी पंपावर तासाला ४.५ मिली. अँप्यूलवरचा मजकूर मात्र वाचाच. आकडा बायटार्ट्रेटचा असेल तर प्रत्यक्ष नॉरअ‍ॅड्रेनॅलिन साधारण निम्मंच असतं, आणि सगळा हिशोब तिथेच फिरतो.

६५ आले की मॉनिटर सोडून पेशंटकडे वळा. बोटाचं टोक दहा सेकंद दाबून सोडा. रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागले, गुडघ्यावर निळसर जाळी दिसली, लॅक्टेट उतरत नसलं, तर तासभर ८०-८५ करून बघा. दुसरं काही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. बोट लवकर लाल झालं, पेशंट नीट बोलू लागला, तर तो आकडा त्याचा. काहीच बदललं नाही किंवा नाडी बेताल झाली, तर परत ६५.

यात लघवीवर एकट्या भिस्त ठेवू नका. एरवी तासाला किलोमागे अर्धा मिली हा चांगला निकष आहे, पण लेप्टोत किडनी बिघडत असतानाही लघवी भरपूर होऊ शकते, आणि पोटॅशियम खाली जातं. पिशवी भरलेली पाहून ६५ पुरले असं ठरवलं, की दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन चढलेलं दिसतं.

दोन गोष्टी मात्र आकडा वाढवण्याआधीच तपासाव्यात. आर्टेरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली घसरला, तर मॅप सुमारे ७ने जास्त दिसतो. तुमचे ६५ प्रत्यक्षात ५८ असतात. खाट वर-खाली केली की हे हमखास होतं. दुसरी गोष्ट शिरांमधला दाब. अवयवातून रक्त वाहतं ते धमनी आणि शिरा यांच्या दाबातल्या फरकावर. सीव्हीपी ५ असताना ६५ मॅपमागे ६० उरतात, सीव्हीपी १५ झाला की ५०च. अशा वेळी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन वाढवण्याआधी सलाईन थांबवा आणि इकोत हृदयाची उजवी बाजू बघा.

८०ची चाचणी यशस्वी झाली, पण तो दाब टिकवायला नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ०.२५ च्या पुढे न्यावं लागत असेल, तर व्हॅसोप्रेसिन जोडा. तेही हाताशी नसेल, तर मी ८०चा हट्ट सोडून ६५-७०वर येईन आणि पेशंटला बांबोळी किंवा कोल्हापूरला हलवायची तयारी करेन. घाटात सिरिंज संपली तर दोन-चार मिनिटांत दाब कोसळतो, म्हणून भरलेली दुसरी सिरिंज अँब्युलन्समध्ये आधी चढते.